ओठ हिंदी, शब्द मराठी: डबिंगसाठी संवाद बसवायचे कसे

डबिंगच्या कामात पहिल्यांदा उतरणाऱ्या लेखकाचा पहिला दिवस बहुधा असा जातो. त्याने घरी बसून सुंदर अनुवाद केलेला असतो. स्टुडिओत कलाकार माइकसमोर उभा राहतो, पडद्यावर लूप, म्हणजे त्या संवादाचा छोटा तुकडा, सुरू होतो आणि दोन टेक झाले की रेकॉर्डिस्ट आतून म्हणतो, ‘बसत नाहीये.’ अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, तरी बसत नाही. कारण पडद्यावरचं तोंड मराठीच्या आधीच बंद होतं, किंवा वाक्य संपल्यावरही चालत राहतं.

हे बसवायचं कसं, ते मी हिंदी मालिकेतल्या एकाच वाक्यावर दाखवणार आहे. हिंदी निवडण्याचं कारण सोपं आहे: दोन्ही भाषा तुम्हाला वाचता येतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट स्वतःच्या तोंडाने तपासून बघता येईल. तेलुगू किंवा इंग्रजीवरून काम करतानाही पायऱ्या याच असतात.

आधी फक्त बघा

तुमच्याकडे दोन गोष्टी येतात: टाइमकोड, म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशी वेळ, छापलेला व्हिडिओ आणि मूळ संवादांची यादी. यादी बाजूला ठेवा आणि भाग एकदा सलग बघा. दुसऱ्यांदा बघताना प्रत्येक संवादापुढे एकच नोंद करा: बोलणाऱ्याचं तोंड दिसतंय का, आणि किती दिसतंय. मी चार खुणा वापरतो. क्लोज-अपला ‘क्लो’, कमरेपासून वर दिसत असेल तर ‘मध्यम’, लांबून असेल तर ‘लांब’, आणि पाठमोरा किंवा चौकटीबाहेर असेल तर ‘ऑफ’.

ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण पुढची निम्मी मेहनत तीच वाचवते. ‘ऑफ’ संवादाला ओठांचं बंधन अजिबात नसतं, फक्त वेळेचं असतं. ‘लांब’मध्ये सुरुवात आणि शेवट जुळला की पुरतं. खरी कसोटी ‘क्लो’मध्ये लागते. नवखा लेखक सगळ्याच वाक्यांवर सारखीच झटापट करतो, आणि दमल्यावर नेमक्या क्लोज-अपलाच तडजोड करतो.

ओठांवर काय दिसतं, काय दिसत नाही

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पार, बार, मार’ म्हणा. तिन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. प, ब, भ, म या अक्षरांना दोन्ही ओठ पूर्ण मिटतात, आणि कोणतं अक्षर आहे ते बाहेरून कळत नाही. याचा अर्थ मूळ वाक्यात जिथे ‘भ’ आहे तिथे तुम्ही ‘म’ आणला तरी चालतं. मिटलेल्या ओठांवर मिटणारं अक्षर आलं, एवढंच हवं.

‘व’ला खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो. ‘फ’ बोलणाऱ्यावर अवलंबून असतो. कुणी दोन्ही ओठ मिटून म्हणतो, कुणी दात टेकवून. उ, ऊ, ओ, औ यांना ओठांचा चंबू होतो, ई आणि ए यांना ओठ आडवे ताणले जातात, ‘आ’ला जबडा खाली जातो. बाकीची अक्षरं, म्हणजे क, ग, त, द, न, ल, र, स वगैरे, जवळपास सगळी तोंडाच्या आत घडतात. त्यांची काळजी करू नका. मूळ ‘त’च्या जागी तुमचा ‘ळ’ आला तर कुणालाही कळणार नाही.

मिटलेल्या ओठांना मी एवढं महत्त्व का देतो? हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोन संशोधकांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेहरा ‘ग’ म्हणणारा दाखवायचा आणि त्यावर आवाज ‘ब’चा लावायचा. बहुतेक मोठ्या माणसांना तिसरंच काहीतरी, ‘द’सारखं ऐकू आलं. डोळे कानाला फिरवतात, ते असं. प्रेक्षक काही ओठ वाचायला बसलेला नसतो, पण उघड्या तोंडातून ‘ब’ आला की काहीतरी खटकलं एवढं त्याला नक्की जाणवतं. फ्रान्समध्ये तर डबिंगसाठी पडद्याखाली संवादांची पट्टी सरकवण्याची जुनी पद्धत आहे, आणि मूळ संवादात ओठ कुठे मिटतात याच्या खुणा त्या पट्टीवर करणारा माणूस वेगळा असतो. आपल्याकडे तो माणूस म्हणजे तुम्हीच.

वाक्यावर खुणा करणं

प्रसंग असा. शहरात नोकरीला असलेला मोठा भाऊ बहिणीला शिक्षणासाठी सोबत न्यायला आलाय. आई घरात आजारी आहे. बहिणीचा चेहरा क्लोज-अपमध्ये येतो आणि ती म्हणते:

भाई, मैं माँ को अकेला छोड़कर नहीं जा सकती।

व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा आहे. वाक्य `00:14:22:08` ला सुरू होतं आणि `00:14:25:03` ला संपतं, म्हणजे ७० फ्रेम. ‘भाई’नंतर ती साधारण ८ फ्रेम थांबते. उरल्या ६२.

आता उच्चार मोजायचे, आणि ते तोंडाने मोजायचे, कागदावरच्या अक्षरांनी नाही. ‘करकर’ लिहिताना चार अक्षरं दिसतात, पण बोलताना कर-कर असे दोनच ठोके पडतात. टेबलावर बोट आपटत मोजा. हे वाक्य असं पडतं: भा-ई, मैं-माँ-को-अ-के-ला-छोड़-कर-न-हीं-जा-सक-ती. पंधरा ठोके. म्हणजे एका ठोक्याला चार फ्रेमच्या आसपास, सेकंदाला सहा ठोके. हा सहज बोलण्याचा वेग आहे. तुमचं मराठी वाक्य सतरा-अठरा ठोक्यांवर गेलं तर कलाकार धावेल, आणि धावताना अभिनय पहिला सुटेल.

यानंतर खुणा. पहिल्या ठोक्याला ओठ मिटलेले (भ). तिसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला पुन्हा मिटलेले (मैं, माँ). पाचव्याला चंबू (को), नवव्याला चंबू (छो). त्यानंतर शेवटपर्यंत एकही मिटणं नाही. शेवट ‘ती’वर, ओठ आडवे ताणलेले, आणि कॅमेरा त्या चेहऱ्यावर आणखी थोडा वेळ थांबतो.

आता बसवू या

शब्दशः मराठी असं होतं: ‘दादा, मी आईला एकटं सोडून जाऊ शकत नाही.’ ठोके सोळा, चालण्यासारखे. ‘सोडून’चा चंबू ‘छोड़कर’च्या चंबूवर नीट पडतो. शेवटचा ‘ही’ तिच्या ताणलेल्या ओठांवर छान बसतो. पण सुरुवात फसली. ‘दादा’ला ओठ मिटतच नाहीत, आणि पडद्यावर ती मुलगी डोळ्यांसमोर ओठ मिटून ‘भ’ सोडते आहे.

क्लोज-अपमध्ये आधी दोन टोकं पक्की करा. वाक्याची पहिली हालचाल आणि शेवटची हालचाल, या दोन ठिकाणी प्रेक्षकाचं लक्ष ओठांवर सगळ्यात जास्त असतं. मधल्या भागात चेहरा, डोळे, संगीत असं बरंच काही मदतीला येतं.

पहिला मोह ‘भाऊ’ लिहिण्याचा होतो. ‘भ’ साधला, पण शेवटी चंबू आला आणि मूळ ‘ई’ला ओठ ताणलेले आहेत. त्याहून वाईट म्हणजे हे घर ज्या भागातलं दाखवलंय तिथे बहीण मोठ्या भावाला ‘दादा’ म्हणेल. नात्याची हाक ओठांसाठी बदलायची नाही, हा माझा नियम आहे. हाक चुकली की अख्खं घर खोटं वाटतं.

मग हाकच काढून टाकली तर? भाऊ समोर उभा आहे, ती त्याच्याकडेच बघते आहे. तिला हाक मारायची नाही, त्याचं मन वळवायचं आहे. ते काम मराठीत ‘बघ ना’ करतं. दोन ठोके, सुरुवात मिटलेल्या ओठांनी, नंतर तेच थांबणं. ‘बघ की’ लिहिलं तर शेवटचा ‘ई’सुद्धा जुळतो, पण त्याने मुलगी एकदम सातारा-कोल्हापूरकडची होते. पात्र तिकडचं असेल तर जरूर घ्या. इथे ते तसं नाही.

तिसऱ्या ठोक्याला ‘मी’ आपसूक येतं. चौथ्याला ‘माँ’ आहे आणि आपल्याकडे ‘आई’. जबडा दोन्हीकडे खाली जातो, फक्त मिटणं राहून जातं. ‘मम्मी’ म्हटलं तर मिटणं साधतं, पण या घरात आईला कुणी मम्मी म्हणणार नाही. ‘मी माझ्या आईला’ असं लिहिलं तर मिटणं जवळपास बरोबर पडतं. मी नवीन असताना एका भागात नेमकं हेच केलं होतं आणि ते तसंच प्रसारित झालं. सख्खी बहीण सख्ख्या भावाला ‘माझ्या आईला’ सांगते आहे! ओठ फ्रेमला फ्रेम जुळले होते आणि वाक्य हास्यास्पद होतं. तेव्हा इथे एक मिटणं सोडून द्या. ‘मैं’ आणि ‘माँ’ इतके लागून आहेत की पहिलं मिटणं नीट पडलं तर दुसरं निसटलेलं फार जाणवत नाही.

राहिला शेवट. ‘जाऊ शकत नाही’ चूक नाही, पण ते थोडं अर्ज केल्यासारखं वाटतं. मुलगी अडकलेली आहे, नकार देत नाहीये. मराठी माणूस अशा वेळी प्रश्न विचारतो: ‘कशी जाऊ?’ अर्थ तोच, आणि बोली जिवंत. अडचण अशी की ‘जाऊ’ने शेवट चंबूवर होतो आणि पडद्यावर ओठ ताणलेले आहेत. इथे मराठीची एक मोठी सोय उपयोगी पडते, शब्द मागेपुढे करता येतात. ‘जाऊ कशी?’ किंवा मध्ये एक ‘तरी’ घालून ‘जाऊ तरी कशी?’ शेवट ‘शी’वर, ओठ आडवे, आणि कॅमेरा थांबतो तेवढा वेळ कलाकाराला तो ‘ई’ हलकेच सोडून देता येतो. ‘सकती’मधून ती मुलगी आहे हे कळतं, तेही ‘कशी’मध्ये राहिलं.

बघ ना, मी आईला एकटं सोडून जाऊ तरी कशी?

मोजा: बघ-ना, मी-आ-ई-ला-एक-टं-सो-डून-जा-ऊ-त-री-क-शी. सोळा. ‘जाऊ’ बोलताना जवळपास एकच ठोका होतो, त्यामुळे पंधराच धरा. आणि गंमत म्हणजे ‘सो’ नवव्या ठोक्यावर आला, जिथे मूळचा ‘छो’ आहे. असं दर वेळी घडत नाही, घडलं की चहा प्यायला उठावं.

‘दादा’ मात्र हरवला. तो परत मिळवायची जागा पुढच्याच वाक्यात आहे. कॅमेरा आता भावावर आहे आणि बहीण पाठमोरी म्हणते, ‘समझ रहे हो ना?’ सहा ठोके, ओठांचं बंधन नाही. इथे लिहा: ‘कळतंय ना रे दादा?’ तेही सहाच. आणि हिंदीत ती भावाला ‘तुम’ म्हणत असली तरी मराठीत दादाला ‘तू’च म्हणेल, हेही याच वाक्यात ठरून जातं. तू-तुम्हीचा तक्ता पहिल्या भागातच करून ठेवा, नाहीतर विसाव्या भागात सून सासऱ्यांना अरे-तुरे करायला लागते.

वाक्य लांब झालं, आखूड झालं

मराठीत भर घालायला आणि छाटायला लहान लहान शब्दांचा मोठा साठा आहे. भर हवी असेल तर ना, की, तर, बरं, अगं, अरे, म्हणजे. छाटायचं असेल तर ‘आहे’ आधी काढा: ‘तो घरी आहे’ऐवजी ‘तो घरीच’. क्रियापदातून कर्ता कळत असेल तर सर्वनाम काढा: ‘तू कधी आलास’ऐवजी ‘कधी आलास’. पण हे फोडणीसारखं आहे. सलग तीन वाक्यांत ‘बरं का’ आलं की तुम्ही जागा भरताय हे ऐकणाऱ्याला कळतं. दोन ठोक्यांपेक्षा जास्त जागा रिकामी असेल तर भर घालू नका, वाक्यच नव्याने लिहा.

इंग्रजीवरून काम करताना उलटा त्रास असतो. ‘आय डोन्ट नो’ तीन ठोक्यांत संपतं आणि ‘मला माहीत नाही’ त्याच्या दुप्पट होतं. तिथे ‘काय माहीत’ किंवा नुसतं ‘कुणास ठाऊक’ अशी बोलीतली तयार वाक्यं शोधावी लागतात. शब्दकोशापेक्षा बसस्टॉपवर कान देऊन उभं राहिलं तर ती लवकर सापडतात.

हिंदीचा सापळा

हिंदीवरून मराठी करताना ओठ फारच सहज जुळतात, आणि तिथेच घात होतो. ‘मैं तुम्हारी मदद करूँगा’ याचं ‘मी तुझी मदत करीन’ केलं तर ‘मैं’ आणि ‘मदद’ या दोन्हींचं मिटणं सहज साधतं. पण मराठीत मदत ‘तुला’ करतात. ‘मुझे तुम पर गर्व है’ला ‘मला तुझा गर्व आहे’ लिहिणारे मी पाहिलेत. मराठीत गर्वाचं घर खाली असतं, आणि बापाला मुलाचा अभिमान वाटतो.

हे वाक्य बसवून बघा, सोपं आहे. मूळ: मु-झे-तुम-पर-गर्व-है. पहिला ठोका मिटलेला, ‘तुम’चा म आणि ‘पर’चा प मिळून तिसऱ्या-चौथ्या ठोक्यांच्या मध्ये एक लांब मिटणं, शेवट ‘है’वर. ‘मला अभिमान आहे’ हे ओघात म्हटलं की म-ला-भि-मान-आ-हे असं होतं. सहा ठोके, ‘मान’चा म नेमका त्या मधल्या मिटण्यावर, शेवट ‘हे’वर. ‘तुझा’ गेला, पण बाप मुलाच्या डोळ्यांत बघूनच बोलतोय, दुसऱ्या कुणाचा अभिमान असणार?

आणखी एक: हिंदी ‘हम’. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतून निवडावंच लागतं, कारण समोरचा त्यात धरलाय की नाही यावर प्रसंग फिरू शकतो. ‘आपण’मध्ये प, ‘आम्ही’मध्ये म, दोन्हींना ओठ मिटतात. त्यामुळे इथे ओठांचं निमित्त पुढे करता येत नाही, अर्थच बघावा लागतो.

मान, हात, बोट

तोंड जुळलं तरी शरीर वेगळंच बोलत असेल तर वाक्य पडतं. ‘ये लो’ म्हणताना हात पुढे येतो, त्या क्षणी ‘हे घे’ यायला हवं, तीन शब्द नंतर नाही. वरच्या आपल्या वाक्यात ती ‘नहीं’ला मान हलवत असेल तर? आपण ‘नाही’ काढून टाकलंय. मान डावी-उजवीकडे हलताना ‘जाऊ तरी कशी’ चालतं, कारण हतबलतेतही मान तशीच हलते. पण तीच मान ठाम, एकदाच, झटक्यात हलली असती तर मी ‘सोडून जाणार नाही’वर परत आलो असतो. म्हणून वाक्य पक्कं करण्याआधी एकदा आवाज पूर्ण बंद करून फक्त हालचाल बघा.

तपासणी

पहिल्यांदा मूळ आवाज बंद ठेवून, पडद्यावरच्या तोंडाबरोबर स्वतः मोठ्याने बोला. दुसऱ्यांदा मूळ आवाज एका कानात ठेवून बोला, कारण कलाकार तसाच बोलणार आहे. मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करून चित्रासोबत वाजवलंत तर उत्तम. जिथे जीभ अडखळते तिथे कलाकाराचीही अडखळेल.

चुका ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. वाक्याचा शेवट घाईत गिळला जात असेल तर ठोके जास्त झालेत. आवाज संपून तोंड चालत असेल तर कमी पडलेत, किंवा मधलं थांबणं तुम्ही विसरलात. ठोके बरोबर असून बोलणं रबरासारखं ताणलेलं वाटत असेल, तर बहुधा मूळच्या ऱ्हस्व ठोक्यांवर तुमचे दीर्घ आलेत.

एक फ्रेम इकडे-तिकडे होणारच. ती कुठल्या बाजूला जावी? दूरचित्रवाणी प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने केलेल्या शिफारशीत असं दिलंय, की आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाला कळतं, पण मागे पडला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. २५ फ्रेमच्या हिशोबात पुढे एक फ्रेम, मागे तीन. विजेनंतर गडगडाट ऐकायची आपल्याला सवय असते, उलट कधी घडत नाही. म्हणून मिटणाऱ्या अक्षराची जागा ठरवताना शंका असेल तर ते किंचित उशिरा पडू द्या, आधी नको.

कागद असा द्या

स्टुडिओत तुम्ही असाल-नसाल, तुमचा कागद असतो. तो कलाकाराला अंधुक उजेडात, एका नजरेत वाचता आला पाहिजे. एका थांबण्याला एक तिरकी रेघ, लांब थांबण्याला दोन. श्वास, हुंदका, हुंकार कंसात. हे आवाज जरूर लिहा. ‘एम अँड ई’ ट्रॅकमध्ये फक्त संगीत आणि ध्वनिपरिणाम येतात, पात्राचा मूळ श्वास आवाजाबरोबरच गेलेला असतो, आणि लिहिला नाही तर पडद्यावर छाती हलते पण ऐकू काहीच येत नाही.

```
00:14:22:08  बहीण  क्लो
(श्वास) बघ ना, / मी आईला एकटं सोडून जाऊ तरी कशी?
पर्याय: बघ ना, / मी आईला एकटं सोडून जाऊ कशी?

00:14:26:10  बहीण  ऑफ
कळतंय ना रे दादा? (हुंदका)
```

पर्यायाची ओळ फक्त क्लोज-अपला द्या, आणि ती मुख्य ओळीपेक्षा एक-दोन ठोक्यांनी आखूड ठेवा. कलाकाराचा आवाज जड असेल तर ‘जाऊ’चे दोन्ही ठोके पूर्ण येतात आणि मुख्य ओळ सांडते, तेव्हा डबिंग डायरेक्टरने तुम्हाला फोन लावण्याऐवजी खालची ओळ वाचायला सांगितलेली बरी. सगळ्याच वाक्यांना पर्याय देऊ नका. दिलेत तर निवडण्यातच शिफ्ट संपते, आणि पुढच्या वेळी तुमच्या कागदावर माइकसमोर उभं राहून पेन चालवलं जातं.